रोजकीर्द नको, खतावणी द्या

"सगळं ग्रुपवर आहे की! मॅडम येतील, वाचतील." 2025 च्या गणपतीत, 3 सप्टेंबरच्या संध्याकाळी, आमच्या मरोळच्या ऑफिसात हे वाक्य तिघांनी म्हटलं. मॅडम 25 ऑगस्टपासून गौरी-गणपतीसाठी गावी होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू होणार होत्या. तेवढ्या दिवसांत ग्रुपवर 387 मेसेज साठले होते. विषय म्हणाल तर एकच, वसईच्या कारखान्यातून न्हावा शेवामार्गे जेबेल अलीला जाणारा स्टीलच्या भांड्यांचा कंटेनर. पण त्यातच ट्रकचे भाव, कोणाची रजा कधी, विसर्जनाला कुठला रस्ता बंद आणि उकडीच्या मोदकांचे फोटो, असं सगळं कालवलेलं.

सगळं ग्रुपवर आहे हे खरंच. म्हणून तर ते मॅडमपुढे जसंच्या तसं टाकायचं नाही. जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला हे कळत होतं. दिवसभरात जे घडेल ते, ज्या क्रमाने घडेल त्या क्रमाने, तो रोजकीर्दीत उतरवायचा. मालकाने अमक्याकडून किती येणं आहे असं विचारलं, तर मात्र रोजकीर्द पुढ्यात सरकवत नसे. नोंदी खात्याखात्याला नेऊन खतावणी केलेली असे, आणि तो त्या खात्याची बाकी सांगे. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ही रोजकीर्द. रजेवरून आलेल्या माणसाला बाकी हवी असते.

दुसरा पक्ष जास्त सभ्य आहे: मेल करा, पण तारीखवार सगळं लिहा, काही सुटायला नको. मी आधी तेच केलं. "26 ला पॅकिंग लिस्ट आली, 27 ला सुट्टी, 28 ला बायरचा मेसेज..." दीड पान झालं आणि निर्णय कशाचा हवा आहे ते शेवटून दुसऱ्या ओळीत. शिवाय त्या दीड पानातलं निम्मं मेलेलं होतं. ट्रकवरचे 96 मेसेज घ्या. तीन वाहतूकदारांचे भाव, एकाचा रुसवा, एकाचा ड्रायव्हर गावी गेलेला. आणि 2 तारखेला शेवटी एक ओळ: गाडी नक्की. ती ओळ आली तिथे आधीच्या 95 मेसेजचा निकाल लागला. म्हणून असा गुंता वरून खाली वाचू नये, खालून वर वाचावा. शेवटचा शब्द आधी हाती आला की वरचं किती गळतं ते लगेच दिसतं.

मग एकेक खातं धरायचं. मी ग्रुपच्या सर्चमध्ये आधी 640 टाकलं, मग 680. कारण खरा पेच त्या दोन आकड्यांत होता. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट 640 कार्टनची. 28 ला बायरने "जमलं तर" आणखी 40 मागितले. 30 ला सीएचएने शिपिंग बिल भरलं ते 640 चंच. त्याच दिवशी डिस्पॅचचा मेसेज: "जादा 40 रेडी." कागद 640 चा आणि कंटेनरमध्ये 680, असा माल बंदरावर अडकतो हे सांगायला नको.

इथे मी फसणार होते. "40 तयार आहेत" असं लिहून मोकळी झाले असते. पण सर्चला फक्त अक्षरं सापडतात. व्हॉइस नोट आणि फोटोतलं काही सापडत नाही. 1 तारखेला कारखान्यातून एक मिनिट चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट आली होती. तिच्याखाली सहा जणांनी गणपतीचे फोटो टाकल्यामुळे कोणी ऐकली नसावी. मी ती घरी जाताना घाटकोपरला, मेट्रोतून उतरून मुलुंडच्या लोकलची वाट बघत, फोन कानाला चिकटवून दोनदा ऐकली. भजनाची कॅसेट, मशीनचा आवाज, आणि मध्येच: बत्तीस झालेत, आठची लेबलं बाकी आहेत. तिथूनच फोन लावला. परिस्थिती तीच होती. थ्रेडमधला आकडा मेलमध्ये घेण्याआधी तो आज खरा आहे का, हे जिवंत माणसाला विचारण्याला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, फक्त आवरता येतो. गोषवारा करणारा रंग देतो, असं आमचे अकाउंटवाले काका म्हणतात. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याच्या हातात, मग तो स्वतःला सोयीचं तेच ठेवणार. काकांचं म्हणणं माझ्याच कच्च्या मेलने खरं केलं. मी लिहिलं होतं, "कारखान्याने परस्पर जादा माल बांधला." पुन्हा वर जाऊन पाहिलं तर बायरच्या 28 तारखेच्या मेसेजवर अंगठा होता, आणि तो माझा. मी "वाचलं" म्हणून दिलेला अंगठा कारखान्याने "बांधा" म्हणून घेतला. यावर उपाय म्हणून सगळे 387 मेसेज पाठवले असते तर माझा अंगठा त्यात अधिकच छान लपला असता. रंगावर उतारा म्हणजे विशेषणं काढायची, "परस्पर" हा शब्द काढायचा, आणि वादाच्या ठिकाणी मेसेजची तारीख-वेळ द्यायची, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः जाऊन बघता येतं. कोणाच्या वागणुकीची तक्रार असेल, चौकशी लागणार असेल, तिथे मात्र काकांचंच खरं. तिथे मूळ संभाषण जसंच्या तसं द्यावं, गोषवाऱ्याच्या भानगडीत पडू नये.

शेवटी गेला तो मेल असा:

विषय: जेबेल अली कंटेनर – 640 की 680, आज दुपारी 12 पर्यंत निर्णय हवा

"मॅडम, शिपिंग बिल 640 कार्टनचं भरलंय. बायरने 28 ला 40 जादा मागितले. त्यातले 32 तयार, 8 ची लेबलं बाकी (काल संध्याकाळी फोनवर खात्री केली). 680 पाठवायचे तर शिपिंग बिलात दुरुस्ती लागेल. सीएचए त्याला पूर्ण दिवस मागतोय आणि कट-ऑफ उद्या, 5 ला संध्याकाळी 6 चा आहे. माझं मत: 640 आत्ता, 40 पुढच्या जहाजाने. बायरला अजून काही कळवलेलं नाही.

40 ला तुमची मंजुरी नव्हती. 28 ला दुपारी 4:12 च्या मेसेजवर मी अंगठा दिला, तो होकार समजला गेला.

गाडी ठरली आहे. त्यात तुम्हाला काही करायचं नाही."

विषयाच्या ओळीत "रजेतील घडामोडी" असं लिहायचा मोह झाला होता. पण तेवढ्याने मेल उघडायची घाई कोणाला होणार? आणि शेवटचं वाक्य फुकटचं वाटेल, पण मॅडमना 96 मेसेज वाचण्यापासून वाचवतं तेच.

"त्यापेक्षा फोनवर दोन मिनिटांत सांगून टाकायचं होतंस," असंही कोणी म्हणालं. सांगितलं असतं. पण मॅडमना तीच माहिती पुढे सीएचएला द्यायची होती, आणि फोन फॉरवर्ड होत नाही.

सकाळी 9:20 ला उत्तर आलं, बहुधा मेट्रोतूनच: "640. बायरशी मी बोलते. 8 लेबलांचं काय अडलंय?"

ते मी फापटपसारा म्हणून गाळलं होतं. पुन्हा ग्रुप उघडला. मोदकांच्या वर, 31 तारखेच्या एका फोटोत, प्रिंटरशेजारी लेबलच्या रोलचा नुसता पुठ्ठा पडलेला दिसत होता.