अध्यक्षांच्या हाराचे पैसे शेतकऱ्याच्या रिचार्जमधून

पोस्ट थोडी लांब आहे. पण धान विकायचं असेल तर वाचा.

मी देवरी तालुक्यातला. घरी चार एकर धानाची बांधी आहे, आणि पोटापाण्यासाठी वेबसाइटची कामं करतो. आमच्याकडं आधारभूत खरेदी आदिवासी विकास महामंडळासाठी गावोगावच्या सहकारी संस्था करतात. अशाच एका संस्थेची ही गोष्ट. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की भांडण माणसांचं होतं आणि मुद्दा राहून जातो.

संस्थेनं वेबसाइट केली. आनंद आहे. कोणत्या दिवशी कोणाच्या धानाचा काटा होणार, त्याची यादी तिथं लागते. शेतकऱ्याला वेबसाइटवरून एवढंच हवं असतं : माझा नंबर कधी? ते कळलं नाही तर तो ट्रॅक्टर भाड्यानं घेऊन केंद्रावर येतो आणि पोत्यांवर झोपून रात्र काढतो.

मागच्या हंगामात आमचे काका तलावाच्या पाळीवर चढून ही यादी उघडत होते. गावात दांड्या येत नाहीत, पाळीवर दोन येतात. पाऊण तास गेला. यादी उघडली नाही, दिवसाचा नेट मात्र संपला. घरी येऊन मी लॅपटॉपवर ती साइट मोजली.

पहिलं पान ६ एमबी. त्यातले ४.६ एमबी फक्त पाच सरकत्या फोटोंचे. एकात अध्यक्षांना हार घालताहेत, दुसऱ्यात अध्यक्ष फीत कापताहेत, बाकी तिन्ही तशाच जातीचे. फोटो मोबाइलमधून काढले तसेच चढवलेले, ४००० पिक्सेल रुंद. आणि काकांच्या फोनचा पडदा २४० पिक्सेल रुंद, कारण त्यांच्याकडं बटणांचा जिओफोन आहे. उरलेल्या १.४ एमबीत नक्षीदार फाँट आणि फोटो सरकवणारी स्क्रिप्ट.

त्यापुढं यादी. ती बारा पानांची स्कॅन केलेली पीडीएफ, ८ एमबी.

पाळीवर मी वेग मोजला. फोनवर फोर-जी लिहिलेलं होतं, पण मिळत होते सेकंदाला जेमतेम २५ केबी. म्हणजे पहिल्या पानाला चार मिनिटं आणि यादीला साडेपाच. तेही मधे नेट तुटलं नाही तर. पीडीएफ अर्ध्यात तुटली की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून उतरते, आणि आधीचा नेट खर्च झालेला तो झालाच. काकांचा पाऊण तास असा गेला.

आता पैशाचं बघा. जुलै २०२४ मध्ये जिओचा १५५ चा पॅक १८९ झाला. त्यात २८ दिवसांना मिळून २ जीबी, म्हणजे दिवसाला साधारण ७० एमबी. यादी एकदा बघायला १४ एमबी, म्हणजे सव्वा रुपयाच्या वर. सकाळ-संध्याकाळ बघितली तर दिवसाच्या नेटचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. हा खर्च संस्थेच्या ताळेबंदात कुठं दिसत नाही, कारण तो सभासदाच्या खिशातून जातो.

हे बोललो की ठरलेलं उत्तर येतं, "अरे भाऊ, आता फाइव्ह-जी आलं. लोक व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघतात, मग वेबसाइट कशी नाही उघडत?" भाऊ, व्हॉट्सॲप तुमचा फोटो पाठवायच्या आधी स्वतः बारीक करतं, म्हणून तो जातो. तुमच्या वेबसाइटवर ते काम कोणीच केलं नाही. आणि फाइव्ह-जी गोंदियाच्या बाजारात आलं म्हणून देवरीच्या जंगलाकडच्या गावातही आलं, असं होत नाही.

दुसरं उत्तर, "यादीवर सही-शिक्का लागतो, म्हणून स्कॅन." हे अर्धंच खरं आहे. ऑपरेटर यादी कृतीदेव फाँटमध्ये टाइप करतो. ती वेबसाइटवर मजकूर म्हणून टाकली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून बिचारा प्रिंट काढतो, स्कॅन करतो, चढवतो. चूक त्याची नाही, त्याला युनिकोडमध्ये टाइप करायला कोणी शिकवलं नाही. जुनी यादी बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, फक्त रफार आणि जोडाक्षरं कधी कधी बिघडतात, म्हणून नावं एकदा वाचून घ्यावी लागतात.

मी तीच यादी मजकुरात करून बघितली. चारशे नावं, नंबर, नाव, गाव, तारीख. आधार किंवा खाते क्रमांक नाही, ते तिथं लागायलाच नकोत. आकार झाला ५० केबी. संस्थेच्या होस्टिंगसारख्या साध्या होस्टिंगवर `.htaccess` फाइलमध्ये ही एक ओळ टाकली :

```
AddOutputFilterByType DEFLATE text/html text/css
```

याने सर्व्हर मजकूर दाबून पाठवतो. यादी १५ केबीच्या आत आली. साडेपाच मिनिटांच्या जागी उतरायला एक सेकंदही नाही, आणि फोनमध्ये नाव टाइप करून शोधताही येते. स्कॅनमध्ये ते जमत नाही. सहीची पीडीएफ खाली राहू द्या, पण बाजूला लिहा, "८ एमबी". दाबायचं की नाही ते माणूस ठरवेल.

पहिल्या पानावर एकच फोटो ठेवला, ६०० पिक्सेल रुंद, ४० केबीचा. तोही जेपीजी, कारण वेबपी आणखी लहान होतो पण जिओफोनचा जुना ब्राउझर तो दाखवतच नाही. नक्षीचा फाँट काढला, मराठी अक्षरं फोनमध्ये असतातच. सरकणारी स्क्रिप्ट काढली. स्वस्त फोनला ती उतरल्यावर चालवायलाही वेळ लागतो. सगळं पान ६० केबी. पाळीवर नेलं, तीन-चार सेकंदांत उघडलं. काका म्हणाले, "एवढंच होतं का रे?"

एवढंच होतं. दोन दिवसांचं काम.

बांधकामाचं बिल मोजमाप पुस्तिका बघून काढतात ना? मग वेबसाइटचं बिल न मोजता कसं निघतं? मोजणं अवघड नाही. संगणकावर क्रोममध्ये `F12` दाबा, `Network` उघडा, `Disable cache` वर टिक करा, वेग `3G` निवडा आणि पान पुन्हा उघडा. खाली किती उतरलं ते लिहून येतं. पण खरी परीक्षा पाळीवर, काकांच्या फोनवर.

सहकारी संस्थांची वार्षिक आमसभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभासद असाल तर जा, आणि चहा-चिवड्याच्या आधी हा ठराव मांडा : एक, पहिलं पान १०० केबीच्या आत. दोन, काट्याची यादी मजकुरात, वर तारीख-वेळ टाकून. तीन, ज्या गावात सगळ्यात कमी दांड्या येतात तिथं साध्या फोनवर दहा सेकंदांत यादी उघडून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही.

अध्यक्षसाहेबांचे फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लावा, मोठ्या फ्रेममध्ये. तिथं बघायला आम्हाला रिचार्ज लागत नाही.