रोजच्या अंगठीसाठी १८ कॅरेट की २२ कॅरेट? दोन ग्रॅमची मेख समजून घ्या

सेलू : दिवाळीच्या आसपास कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की सेलूतल्या अनेक घरांत छोटीशी अंगठी घेण्याचा विचार सुरू होतो. ही अंगठी लग्नसमारंभापुरती कपाटात राहत नाही. कापूस वेचताना, धुणीभांडी करताना, दुचाकीची मूठ धरताना ती बोटातच असते. म्हणून 'कोणतं सोनं जास्त शुद्ध?' एवढाच प्रश्न इथे पुरत नाही. ते किती टिकेल आणि विकताना त्याची शुद्धता सिद्ध कशी करणार, हेही पाहावे लागते.

मऊपणाचा फरक

२२ कॅरेटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोने असते, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. उरलेला भाग प्रामुख्याने तांबे आणि चांदीचा. या मिश्रणामुळेच १८ कॅरेट बरेच कडक होते. २२ कॅरेटची पातळ अंगठी दाबाने अंड्यासारखी लांबट होते आणि तळहाताकडची बाजू झिजून पातळ पडते. खड्याच्या अंगठीत धोका आणखी वाढतो. खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या वाकल्या की एक दिवस खडाच गायब होतो.

त्यामुळे साधे, जाड वेढे घ्यायचे असेल तर २२ कॅरेट चालते. पातळ किंवा खड्याची अंगठी रोज वापरायची असेल, तर १८ कॅरेट अधिक शहाणपणाचे. मात्र त्यात तांबे-चांदी जास्त असल्याने ते काळवंडू शकते. ब्लीचिंग पावडर वापरताना अंगठी काढून ठेवलेली बरी.

मेख इथे आहे

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. १८ कॅरेट सोने २२ कॅरेटपेक्षा हलके असते. त्याच आकाराची अंगठी १८ कॅरेटमध्ये केली की वजन साधारण १३ टक्क्यांनी घटते.

एक हिशेब पाहू. २२ कॅरेटच्या एका अंगठीचे वजन २.२ ग्रॅम आहे. तिला हॉलमार्क लागतोच. 'हीच १८ मध्ये करून द्या' म्हटले, तर तिचे वजन सुमारे १.९ ग्रॅम भरेल. म्हणजे डिझाइन तेच, पण सक्ती संपली. दोन्ही सोनी पिवळीच दिसतात, त्यामुळे ते १८ कॅरेट आहे की त्याहूनही कमी, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. तीच अंगठी थोडी जाड, २.३ ग्रॅमची करायला सांगा. तिच्यात शुद्ध सोने सुमारे १.७३ ग्रॅम असेल, २२ कॅरेटच्या अंगठीत ते २.०२ ग्रॅम होते. म्हणजे सोन्याचा खर्च तरीही कमी, अंगठी जास्त मजबूत आणि हॉलमार्कही सक्तीचा.

तपासणी कशी करायची?

अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात: बीआयएसचे चिन्ह, शुद्धता (22K916 किंवा 18K750) आणि अक्षरे-अंकांचा सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दुकानात भिंग मागा, क्रमांक वाचा आणि मोबाइलवरील BIS Care अॅपमध्ये Verify HUID या पर्यायात टाका. समोर येणारी शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे. अॅपमध्ये 'कानातले' दिसत असेल आणि हातात अंगठी असेल, तर पैसे देऊ नका.

बिलावर निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून घ्या. खड्याचे वजन त्यात मिसळलेले नको. १८ कॅरेटचा सोन्याचा दर २४ कॅरेटच्या दराच्या पाऊणपट असायला हवा. मजुरी वेगळी लावलेली असावी. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याची तरतूद बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत आहे.

घेतल्यानंतर

रोजच्या वापरात आतली खूण पुसट होते. माप बदलताना अंगठी कापली जाते, तेव्हा खूणच निघून जाऊ शकते. म्हणून पहिल्याच दिवशी खुणांचा फोटो काढून बिलासोबत ठेवा आणि माप बदलायला देताना खुणेची जागा सोनाराला दाखवा. वर्षातून एकदा त्याच काट्यावर वजन केले, तर झीज किती झाली ते कळते.

मोडीत देताना २२ कॅरेटला ग्रॅममागे जास्त भाव मिळणार, हे खरेच. मुख्यतः बचत म्हणून सोने घ्यायचे असेल, तर ते २२ कॅरेटमध्ये घ्यावे आणि बोटात घालून झिजवू नये. रोज कामाला लागणाऱ्या हातासाठी मात्र दोन ग्रॅमच्या वरची, हॉलमार्क असलेली १८ कॅरेटची अंगठी हाच सरळ व्यवहार आहे.