वाचनाची पाळी येते तेव्हा

मुळशीतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. वर्गात अडखळत बोलणारं एखादं मूल असेल तर त्याला वाचनातून वगळू नका. पण आज ज्या पद्धतीनं त्याच्यावर पाळी येते, ती पद्धत मात्र बदला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

प्रकट वाचनाचा तास आपल्याकडे कसा चालतो ते आठवा. पहिल्या बाकापासून सुरुवात होते आणि प्रत्येकानं एक परिच्छेद वाचायचा असतो. पाचवीतला एक मुलगा पाचव्या बाकावर बसला आहे, असं समजू. धडा सुरू झाला की तो ऐकत नाही, परिच्छेद मोजतो. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार आणि त्यात ‘प’नं किंवा ‘क’नं सुरू होणारे शब्द किती आहेत, हे तो आधीच शोधून ठेवतो. पाळी येईपर्यंत गळा, ओठ, छाती सगळं ताठ झालेलं असतं. एरवी बोलताना अवघड शब्द आला की तो पटकन दुसरा शब्द घेतो, ‘पाऊस’ अडला तर ‘सर आली’ म्हणतो. पुस्तकात ती सोय नाही, छापलेला शब्दच उच्चारावा लागतो. हजेरीचंही तसंच आहे, कारण आपलं नाव काही बदलता येत नाही. म्हणून मैदानावर बडबड करणारं पोर वाचायला उभं राहिलं की पहिल्याच अक्षरावर थांबतं, आणि आपल्याला वाटतं की त्यानं अभ्यास केलेला नाही.

कधी तेच अक्षर तीन-चारदा येतं, कधी ताणलं जातं, तर कधी तोंड उघडं राहून आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार शिक्षकांच्या सर्वांत कमी लक्षात येतो, कारण ऐकायला काहीच नसतं. मूल गप्प उभं आहे, उत्तर येत नाही म्हणून गप्प आहे, असा आपला समज होतो. अशा वेळी चेहरा बघावा. डोळे मिटले जातात, मान झटकते, पाय आपटला जातो, हनुवटी ताठ होते. आणखी एक खूण हजेरीपत्रकात सापडते. ज्या दिवशी परिपाठात सुविचार किंवा बातम्या सांगायची पाळी असते, नेमक्या त्याच दिवशी पोट दुखतं. ‘येत नाही’ असं पटकन म्हणून खाली बसणाऱ्याला पुष्कळदा येत असतं. छडी किंवा ओरडा त्याला बोलण्यापेक्षा सोपा वाटतो.

आपल्या तालुक्यात आणखी एक घोळ होऊ शकतो. हिंजवडी-पिरंगुट भागात बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं मराठी शाळेत येतात, आणि डोंगराकडच्या कातकरी मुलांची घरची बोली पुस्तकापेक्षा वेगळी असते. अशी मुलंही वाचताना थांबतात, आणि काही मुलांना मुळात अक्षरंच नीट लागत नाहीत. यातला फरक ओळखायला एक साधी परीक्षा आहे. मुलाला जवळ बसवा आणि तोच परिच्छेद त्याच्याबरोबर एका सुरात वाचा. अडखळणारं मूल दुसऱ्याच्या आवाजासोबत वाचताना सहसा जवळजवळ सरळ वाचतं, म्हणूनच प्रतिज्ञा म्हणताना ते कधी अडलेलं दिसत नाही. सोबत वाचतानाही मूल मागे पडत असेल, शब्द चुकवत असेल, तर प्रश्न वाचनाचा किंवा भाषेचा आहे आणि त्याचा उपाय वेगळा. मग तोच मजकूर मनात वाचायला देऊन दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. उत्तरं बरोबर आली तर त्याला वाचता येतं, अडचण फक्त बोलण्यात आहे, एवढं नक्की झालं.

दुसऱ्यासोबत वाचल्यावर अडखळणं का थांबतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पण वर्गासाठी ही सोय फुकट मिळाली आहे, तिचा उपयोग करा. पाळीनं वाचण्याऐवजी सगळ्याच वर्गाला जोडीनं वाचायला लावा. ‘सगळ्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्याच मुलाला जोडीदार दिला तर तो सवलतीचा शिक्का होतो. मुळशीतल्या बऱ्याच शाळा एक-दोन शिक्षकांच्या आणि पटसंख्येनं लहान आहेत. दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, तिथे जोड्या लावणं उलट सोपं जातं.

आता आपल्या पाचवीतल्या मुलाचं बघू. आधी त्याला एकट्याला, मधल्या सुट्टीत, बाकीची मुलं नसताना विचारा, ‘तुला वाचताना त्रास होतो, हे मला कळलंय. कसं केलेलं तुला बरं वाटेल? पहिल्यांदा वाचायला आवडेल की मागून? मी नाव घेऊ की तू हात वर करशील?’ बरीच मुलं ‘पहिल्यांदा’ म्हणतील, कारण वाट पाहणं हाच मोठा छळ असतो. पण आपल्या मनानं ठरवू नका, त्याला विचारा. मग पाच-सहा ओळींचा परिच्छेद आदल्या दिवशी त्याला नेमून द्या, म्हणजे मोजणं संपेल. तासाच्या आधी, त्याच दिवशी, त्यानं आणि जोडीदारानं तो दोन-तीनदा मोठ्यानं वाचावा. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला की बहुतेकांचं अडखळणं उतरत जातं आणि सर्वांत जास्त फरक पहिल्या दोन-तीन वाचनांत पडतो. हा परिणाम फार टिकत नाही, काही तासांत विरतो. म्हणून घरी दहादा वाचून ये, असं सांगण्यात विशेष फायदा नाही. तासाला दोघांनी मिळून वाचावं. पुढच्या एक-दोन आठवड्यांत जोडीदारानं आवाज हलका करत न्यावा, मग फक्त पहिली ओळ बरोबर वाचून थांबावं. उरलेलं मुलगा एकटा वाचेल आणि त्यात तो अडेलही.

अडला की काय करायचं, तिथेच बहुतेकांचं चुकतं. ‘हळू बोल’, ‘दीर्घ श्वास घे’, ‘आधी विचार कर, मग बोल’ हे सगळं आपण मायेनं म्हणतो. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपलं बोलणं कोणाला तरी खटकलं. त्याचा शब्द आपण पूर्ण करणं त्याहून वाईट, आणि बऱ्याचदा आपण भलताच शब्द पुढे करतो. करायचं एवढंच की थांबायचं, नजर पुस्तकाकडे किंवा घड्याळाकडे न वळवता नेहमीसारखी ठेवायची आणि शब्द त्याचा त्याला काढू द्यायचा. तो क्षण आपल्याला फार लांब वाटतो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा काही सेकंदांचा असतो. मुलाला हळू बोलायला सांगण्यापेक्षा आपण स्वतः सावकाश बोलावं, आणि प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबून मगच नाव घ्यावं. सगळ्या वर्गाची घाई त्यानं उतरते.

एक गोष्ट अनेकांना पटणार नाही. मूल एखाद्या दिवशी सरळ बोललं की ‘शाब्बास, आज एकदाही अडला नाहीस!’ असं म्हणू नका. या शाबासकीतून ते न अडण्याची धडपड शिकतं, अवघड शब्द टाळतं आणि शेवटी बोलणंच टाळतं. कौतुक उत्तराचं करा, ‘धरणाचं कारण तू बरोबर सांगितलंस.’ तसंच काल सरळ बोललेलं मूल आज अडलं तर ते सोंग नसतं. दिवसागणिक चढउतार हा या त्रासाचा स्वभावच आहे.

तोंडी सादरीकरणाला याहून थोडी जास्त तयारी लागते. समजा प्रकल्पाचा विषय आहे मुळशी सत्याग्रह. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध दिलेला लढा, म्हणजे मुलाच्या घरी आजोबा-पणजोबांपासून ऐकलेला विषय. त्याला नकाशा आणि तक्ता करू द्या. बोलताना हात आणि नजर कशावर तरी टेकली की सुरुवात सोपी जाते. पहिल्यांदा तीन-चार मित्रांच्या गटासमोर, बसून. मग फळ्यापाशी अर्ध्या वर्गासमोर. मग सगळ्यांसमोर. पाठ करून घेऊ नका, पाठ केलेल्या मजकुरात शब्द बदलायची वाट बंद होते. मुद्द्यांच्या चार चिठ्ठ्या पुरेत. दोन मिनिटांची मर्यादा सगळ्यांना असेल तर त्याला ती सैल ठेवा. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाचे गुण देताना माहिती, क्रम आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बघा. वेग आणि ओघ यांचे गुण कापू नका, आणि दयेचे गुणही देऊ नका. मुलं दोन्ही ओळखतात.

वर्ग हसला तर? पहिल्यांदा हसणाऱ्याला तिथल्या तिथे, थोडक्यात थांबवा आणि वाचन पुढे चालू द्या, लांबलचक भाषण त्या मुलालाच जास्त लागतं. वर्गाला समजावून सांगायचं असेल तर त्याची परवानगी घेऊन सांगा.

पालकांशी बोलताना घरचे उपाय निघतील. जिभेला वेखंड लावणं, तोंडात खडे ठेवून बोलायला लावणं. यात जिभेचा दोष नसतो, बोलण्याच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूच्या कामाशी त्याचा संबंध आहे आणि पुष्कळदा घराण्यात तो आढळतो. खडे घशात अडकतील, एवढाच धोका पदरात पडेल. दुसऱ्याची नक्कल केली म्हणून लागलं, असंही नसतं. शंभरांतल्या साधारण पाच मुलांना लहानपणी हा त्रास कधी ना कधी होतो. त्यातल्या बहुतेकांचा तो जातो, शंभरांत एखाद्याला मोठेपणीही राहतो. पाचवीपर्यंत टिकला असेल, मूल बोलणं टाळत असेल, तर वाट बघू नका. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पुण्यात भारती विद्यापीठाचं श्रवण आणि वाचा उपचारांचं महाविद्यालय आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. वर्गातले उपाय म्हणजे उपचार नव्हेत. त्यांनी अडखळणं नाहीसं होत नाही, अडखळत का होईना मूल बोलत राहतं.

शेवटचं मागणं शाळा बदलण्याबद्दल. चौथी किंवा सातवी झाली की आपली मुलं पौड, पिरंगुटच्या मोठ्या शाळांत जातात. तिथे पहिल्याच दिवशी अनोळखी वर्गासमोर ‘नाव सांग’ म्हणतात, आणि वर्षभर केलेलं एका मिनिटात पुसलं जाऊ शकतं. दाखल्याबरोबर नव्या वर्गशिक्षकांना चार ओळी लिहा. मुलाला कसं वाचायला बरं वाटतं, हजेरीला तो काय करतो, कोणत्या मित्राबरोबर जोडी जमते, त्याला काय म्हटलेलं नको असतं. मुलाला ते आधी वाचून दाखवा, त्याला पटलं तरच पाठवा. मे महिन्याची सुट्टी लागायच्या आत हे पत्र तेवढं लिहून ठेवा.