कच्चे वांगे विषारी असते का?

नंदुरबारकडे भरिताचे वांगे काड्यांच्या विस्तवावर भाजले जाते. त्यामुळे कच्चे वांगे विषारी असावे, असा समज होतो. बटाटा, टोमॅटो आणि मिरचीच्या कुळातल्या वांग्यात सोलॅनिनसारखी कडवट द्रव्ये असतात. पण प्रश्न प्रमाणाचा आहे.

१०० ग्रॅम वांग्यात ही द्रव्ये साधारणतः २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतात. बटाट्यासाठी हीच सुरक्षित मर्यादा मानतात. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ मिलिग्रॅम पोटात गेल्यास मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला ५० मिलिग्रॅम. २० ग्रॅमच्या कच्च्या फोडीत जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम असतील. त्यामुळे एखादी फोड खाल्ल्यास घाबरू नका. मात्र तोंडाला खाज किंवा सूज आली, तर ती ॲलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

जास्त जपायचे ते बटाट्याला. उजेडात हिरवा पडलेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्यात प्रमाण कैक पटींनी वाढते आणि उकडूनही ते फारसे घटत नाही. असा बटाटा किंवा फार कडू लागणारे वांगे टाकून द्या. हिरव्या टोमॅटोतले टोमॅटिन मात्र फळ पिकताना कमी होत जाते.