घरी आलेला पैसा आणि कर : थोडं समजून घेऊया



आपल्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांचे वडील दुबईत, मस्कतमध्ये किंवा कुवेतला नोकरी करतात. रत्नागिरी, रायगडकडच्या शाळांमध्ये तर ही गोष्ट नवी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वांत मोठा, म्हणजे २० टक्क्यांच्या थोडा वर होता. तरीही "बाहेरून पैसे आले, आता कर भरायला लागणार का?" हा प्रश्न पालकसभेनंतर हळू आवाजात विचारला जातो. म्हणून आज या विषयावर लिहितो आहे, आणि माझं मतही मांडतो आहे.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. उत्पन्न वेगळं आणि पाठवलेला पैसा वेगळा. माणूस काम करतो, पगार मिळवतो, ते त्याचं उत्पन्न. त्याच पगारातून तो घरी काही पाठवतो, तेव्हा नवीन काही कमावलं जात नाही. पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. हा फरक पक्का लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

आपल्याकडे काय होतं?

एक उदाहरण घेऊ. समजा खेड तालुक्यातला एक तरुण दुबईत नोकरीला आहे. वर्षातले जेमतेम ३०-४० दिवस तो गावी असतो. आपल्या आयकर कायद्याच्या दृष्टीने तो अनिवासी. त्यामुळे दुबईत मिळालेल्या पगारावर भारतात कर नाही. तिकडेही पगारावर आयकर नाही. तो बायकोच्या खात्यात दरमहा ६०,००० रुपये पाठवतो. वर्षाचे झाले ७,२०,०००. या रकमेवर बायकोला एक रुपयाही आयकर नाही, कारण कायद्यात ठरवून दिलेल्या जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली रक्कम, कितीही मोठी असली तरी, करमुक्त आहे.

आता खरी मेख पुढे आहे. बायकोने त्यातले ३ लाख स्वतःच्या नावावर मुदत ठेवीत ठेवले. ७ टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज २१,०००. हे व्याज मात्र उत्पन्न आहे. ते कोणाचं? ठेव बायकोच्या नावावर असली तरी कायदा ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतो, कारण मूळ पैसा त्याने दिला. त्याचं भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर एवढ्यावर कर बसणार नाही. पण चिपळूणला फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर भाडं आणि व्याज एकत्र मोजलं जाईल. हेच ३ लाख त्याने स्वतःच्या एनआरई खात्यात मुदत ठेव म्हणून ठेवले असते, तर तो अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात करच नाही. वडिलांना पैसे देऊन त्यांनी ठेव केली, तर व्याज वडिलांच्याच उत्पन्नात धरतात.

दुसरी गंमत काकांची. काकांनी पुतण्याला पैसे दिले तर ते करमुक्त. पण पुतण्याने काकांना दिले तर नाही! नातेवाइकांची यादी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. घेणारा पुतण्या असेल तर आई-वडिलांचे भाऊ-बहीण यादीत येतात. घेणारे काका असतील तर त्यांच्या यादीत पुतण्या नाही. म्हणजे या तरुणाने घराचं छप्पर दुरुस्त करायला काकांना दीड लाख भेट म्हणून पाठवले, तर ते काकांच्या उत्पन्नात धरले जातील. यादीबाहेरच्यांकडून मिळालेल्या अशा रकमा वर्षात ५०,००० च्या वर गेल्या, की वरची नव्हे, पूर्ण रक्कम मोजतात. चुलत भाऊ आणि मित्र यांनाही हाच नियम. काकांना बाकी उत्पन्न नसेल तर प्रत्यक्ष कर लागणार नाही, पण हिशेब ठेवायला हवा. ज्या घरात काकांनीच मुलाला शिकवलं, तिथे हा नियम मला खटकतो. एकत्र कुटुंबाची आपली कल्पना आणि कायद्याची यादी इथे जुळत नाही.

पाठवणारे देश काय करतात?

आखाती देशांत पगारावर आयकर नसल्याने "निदान बाहेर जाणाऱ्या पैशावर तरी कर लावा" अशी मागणी कुवेत आणि बहरीनच्या संसदेत अनेकदा झाली. अमेरिकेत तर तो लागूच झाला. २०२५ मध्ये तिथे आधी ५ टक्क्यांचा प्रस्ताव आला, मग ३.५ टक्के झाला, आणि ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात १ टक्का उरला. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे. पण कोणाला? जो रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा तशाच कागदी साधनाने पैसे पाठवतो, त्याला. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या कार्डावरून पाठवले तर कर नाही.

याचा अर्थ नीट बघा. खात्यातून ५,००० डॉलर पाठवणारा इंजिनीअर शून्य भरतो. हॉटेलात भांडी घासून, आठवड्याचा पगार रोखीत घेऊन ३०० डॉलर पाठवणारा ३ डॉलर भरतो. बँकेत खातं नसणं हाच जणू त्याचा गुन्हा! ओक्लाहोमा राज्यात २००९ पासून वेगळं शुल्कही आहे: पहिल्या ५०० डॉलरपर्यंत ५ डॉलर, त्यावर १ टक्का. म्हणजे ८०० डॉलर पाठवले तर ८ डॉलर. राज्याचं आयकर विवरणपत्र भरताना ते वजा करून मिळतात, पण त्यासाठी पावती जपायला हवी आणि विवरणपत्र भरायला हवं.

कराच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो टाळता येणार नाही. हा पैसा तिथल्या बाजारात खर्च होत नाही, बाहेर जातो. पण जो पैसा त्या देशात खर्च होतो, त्यावर कामगार कर देतोच. दुबईत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. उरलेला पैसा त्याच्या घामाचा आहे. त्यावर पाठवताना कर लावला, की लोक हुंडी-हवालाकडे वळतात. मग ना पावती, ना नोंद, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायलाही जागा नाही.

बांगलादेशाने नेमकं उलट केलं. २०१९ पासून अधिकृत मार्गाने आलेल्या पैशावर सरकार आपल्या खिशातून २ टक्के भर घालू लागलं, २०२२ पासून अडीच टक्के. पाठवणाऱ्याला सरळ वाटेने आणायचं असेल तर ती वाट स्वस्त हवी, हे त्यांनी ओळखलं. मला हाच विचार पटतो. कर उत्पन्नावर लावा, घरी पाठवण्यावर नको.

पालकांना एवढंच सांगेन: पैसे बँकेतून किंवा अधिकृत एक्स्चेंजमधूनच मागवा आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा. गेलेल्या माणसाचं जुनं बचत खातं एनआरओ करून घ्या. आणि शिक्षकांनो, टक्केवारीच्या तासाला हे गणित फळ्यावर घालून बघा: ३०० डॉलरवर १ टक्का किती, आणि तो कोणाच्या ताटातून जातो? पहिलं उत्तर मुलं लगेच देतील. दुसऱ्यावर त्यांना बोलू द्या.