राग नाचायला लागतो तेव्हा

पंक रॉकबद्दल बोलताना एक तक्रार नेहमी ऐकू येते. १९७६-७७ मध्ये लंडनच्या पोरांनी जो राग गायला, तो दोन-तीन वर्षांतच नाचगाण्यात विरघळला. पोस्ट-पंक आणि न्यू वेव्ह म्हणजे बंडाने केलेली तडजोड. मला हे पटत नाही. माझ्या मते पंकचा राग जिवंत राहिला तो तालामुळेच.

आधी पंकची अडचण समजून घेऊ. तीन सूर-समूह, वेगवान ठेका, गिटारचा सलग खरखराट, वर ओरडणारा आवाज आणि दोन-तीन मिनिटांत गाणं संपलं. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण सगळंच सतत कमाल आवाजात वाजत राहिलं, तर काही वेळाने कानाला त्यातला चढउतार कळेनासा होतो. दहाव्या गाण्यापर्यंत राग हा पोशाख होतो. जानेवारी १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्स फुटले, तेव्हा त्यांचा गायक जॉनी रॉटन, म्हणजे जॉन लायडन, याच कोंडीत होता.

वाट मात्र आधीपासून समोर होती. लंडनच्या रॉक्सी क्लबात १९७७ च्या सुरुवातीला डॉन लेट्स हा जमैकन कुटुंबातला तरुण रेकॉर्ड लावायचा. तेव्हा पंकच्या रेकॉर्ड फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो रेगे आणि डब लावायचा. डबमध्ये तयार गाण्यातला आवाज नि गिटार काढून घेतात, मधूनच प्रतिध्वनीत सोडतात आणि खाली ड्रम व बेस उरतो. पंकच्या पोरांनी इथून एक मोठी गोष्ट शिकली: रिकामी जागासुद्धा धमकी देऊ शकते.

ही जवळीक फक्त संगीताची नव्हती. नॅशनल फ्रंट रस्त्यावर उतरत होता. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या जलशात द क्लॅश हा पंक बँड आणि स्टील पल्स हा रेगे बँड एकाच मंचावर आले. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बंगाली कामगाराचा कामावरून घरी जाताना खून झाला. अशा शहरात कोणाचा ठेका उचलायचा, कोणाबरोबर वाजवायचं, हाही राजकीय निर्णय होता.

लायडनने नवा बँड काढला, पब्लिक इमेज लिमिटेड. १९७९ चं त्यांचं 'डेथ डिस्को' हे गाणं नीट ऐकण्यासारखं आहे. लायडनची आई कर्करोगाने गेली. मरणापूर्वी तिने आपल्यासाठी डिस्को गाणं कर असं सांगितलं होतं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. गाण्यात ड्रमचा ठेका डिस्कोचा, न थांबणारा. जा वॉबलचा बेस जाडजूड, एकच वळण घेत फिरणारा. त्यावर कीथ लेव्हीन गिटारवर चायकोव्स्कीच्या 'स्वान लेक'ची धून मोडकीतोडकी वाजवतो आणि लायडन अक्षरशः हंबरडा फोडतो. पाय हलतात आणि छातीत कालवतं. हेच पंकच्या वेगात वाजवलं असतं, तर दुःख आरडाओरड्यात हरवलं असतं. ठेका स्थिर आहे म्हणून आवाजाची फरफट ऐकू येते.

त्याच वर्षी त्यांचा 'मेटल बॉक्स' हा अल्बम धातूच्या गोल डब्यात, ४५ च्या वेगाने फिरणाऱ्या तीन बारा इंची तबकड्यांवर आला. तो नुसता देखावा नव्हता. खर्जाचा आवाज कोरायला तबकडीवर रुंद खाचा लागतात. एका बाजूवर कमी संगीत ठेवलं की बेसला जागा मिळते.

लीड्सच्या गँग ऑफ फोरने दुसरी वाट धरली. अँडी गिलने गिटारचा खरखराट टाळून तिला कोरडी, तुटक, धारदार केली. बेस-ड्रम फंकचे ठेवले. गाणी बाजारावर, घरात शिरलेल्या उपभोगावर. आणि ज्यावर टीका चालली आहे त्याच मौजेत ऐकणारा नाचत असतो. ही अडचण त्यांनी मुद्दाम उभी केली.

तडजोड झालीच नाही असं मी म्हणत नाही. 'न्यू वेव्ह' हे नाव रेकॉर्ड कंपन्यांना सोयीचं होतं. पंक शब्दाला बिचकणाऱ्यांना तोच माल जरा इस्त्री करून विकता यायचा. त्यात पुष्कळ पोकळ गाणी निघाली. फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे: शब्द विसरून फक्त वाद्यं ऐकायची. वाद्यं एकमेकांना खेटत, अडवत असतील, तर राग अजून तिथेच आहे. सगळं गुळगुळीत मिसळलं असेल, तर उरलेला राग फक्त केसांच्या रंगात आहे.

ओरडणाऱ्याला लोक थोडा वेळ ऐकतात, मग कान झाकतात. ठेक्यावर आलेला राग मात्र अंगात शिरतो, आणि शिरला की सहजासहजी निघत नाही.