उठण्याआधी ती फाईल काढा

गेल्या जूनमध्ये भाचीचं आधार कार्ड काढायला मी कळंबच्या एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो होतो. अ‍ॅडमिशनची घाई, पीकविम्याची घाई, दारात चपलांचा ढीग. दुकान सांभाळणारा पोरगा म्हणाला, "मामा, दोन नंबरच्या मशीनवर तुम्हीच बसा. प्रिंट तेवढी मला सांगा." बसलो. ओटीपी आला, फाईल उतरली. ती कुठे उतरली ते बघायला Downloads नावाचं फोल्डर उघडलं आणि हात थांबला.

कोणाच्या तरी पासबुकाचं पहिलं पान. कोणाची पीकविम्याची पावती. टीसी, आठ-अ, पॅन कार्डाचा फोटो. EAadhaar या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलींची तर रांगच होती. काहींच्या शेवटी कंसात 1, कंसात 2, म्हणजे बटण दोनदा-तीनदा दाबलं गेलं होतं आणि तितक्या प्रती पडल्या होत्या. मी एकही फाईल उघडली नाही. उघडायची गरजही नव्हती. माणसांची नावं फाइलींवरच लिहिलेली होती.

यातलं कुणी निष्काळजी नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती ती. कागद हातात आला, वीस रुपये दिले, एसटी पकडली. पण कागद घरी गेला तरी फाईल दुकानात राहते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज मी तुम्हाला सांगतोय. धाराशिव असो, तुळजापूर, उमरगा, भूम किंवा परंडा असो, खुर्चीवरून उठण्याआधी दोन मिनिटं थांबा. ती फाईल काढा.

"पण आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो की!" असतो. तो कसा बनतो ते बघा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. सुरेश, जन्म 1990, तर SURE1990. सगळ्या देशात हीच रीत आहे. आता त्याच फोल्डरमध्ये सुरेशचा टीसीही पडलेला असला, तर नाव आणि जन्मसाल दोन्ही त्यावर छापलेलं आहे. कुलूप दाराला आणि किल्ली चौकटीवर! त्यात आणखी एक गफलत होते. प्रिंट नीट येईना म्हणून कुणी ती फाईल उघडून पुन्हा पीडीएफमध्ये प्रिंट करून ठेवतं. त्या नव्या प्रतीला कुलूपही राहत नाही.

आधार, पॅन आणि पासबुक ही तिन्ही एका माणसाची, एकाच जागी. दुसऱ्याच्या नावावर सिम घ्यायला किंवा मोबाईलवरच्या कर्जाचा अर्ज भरायला फसवणारा हेच कागद शोधत असतो. कर्ज कुणीतरी उचलतो आणि वसुलीचा फोन तुमच्या बापाला येतो. तोही पेरणीच्या दिवसांत.

ही भीती माझ्या मनची नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 27 मे 2022 रोजी पत्रक काढून हेच सांगितलं होतं: ई-आधार सायबर कॅफेतल्या संगणकावर काढणं टाळा, काढलंच तर सगळ्या प्रती तिथून कायमच्या पुसा. पत्रकावरून गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत, 29 मेला, ते मागे घेतलं गेलं. लोक चुकीचा अर्थ काढतील, असं कारण दिलं. पत्रक गेलं, पण संगणकाची रीत बदलली नाही. आणि कॅफे टाळा म्हणणं सोपं आहे. ज्याच्या घरी प्रिंटर नाही, त्याने जायचं कुठे? तुम्ही दुकानात जाणारच. जा. पण सावध जा.

बसल्या बसल्या पहिलं काम करा: क्रोम उघडा आणि त्यात Ctrl, Shift आणि N ही तीन बटणं एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल. क्रोममध्ये हिला इन्कॉग्निटो म्हणतात. सगळं काम याच खिडकीत करा. काम झालं की अशा सगळ्या खिडक्या बंद करा. तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, कुठे लॉगिन केलंत, हे तो क्रोम विसरतो.

मात्र इथेच भलेभले फसतात. खिडकी विसरते, फोल्डर विसरत नाही. इन्कॉग्निटोत उतरवलेली फाईलही Downloads मध्ये तशीच राहते. हिस्टरी पुसली तरी ती राहते. "मी सगळी हिस्टरी क्लीअर केली" असं म्हणत निघालेल्या माणसाचं आधार कार्ड मागे तसंच पडून असतं.

तेव्हा फाईल हातानेच काढा. आधी पीडीएफ बंद करा. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असली तर विंडोज पुसू देत नाही. मग विंडोजचं बटण आणि E दाबा, Downloads उघडा, तारखेप्रमाणे लावा. आजच्या फाइली वर येतील. तुमची निवडा, कंसातल्या आकड्यांसकट. इतरांच्या फाइलींना हात लावू नका. आता Shift धरून Delete दाबा. नुसतं Delete दाबलं तर फाईल रीसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून कुणीही दोन क्लिकमध्ये परत आणतं. नुसतं दाबलं गेलंच, तर बिन उघडून तिथूनही काढा. डेस्कटॉपवर नजर टाका. कागद स्कॅन केले असतील तर ते कुठे साठवले ते विचारा. शेवटी, खिडकी बंद करण्याआधी, क्रोममध्ये Ctrl आणि J दाबा. यादीत तुमच्या फाइलीच्या नावावर काट दिसली, तर ती त्या जागेवरून गेली.

भाचीच्या आधारच्या तीन प्रती निघाल्या. दोन Downloads मध्ये, एक डेस्कटॉपवर. डेस्कटॉपवर ती मीच प्रिंट सोपी जावी म्हणून ठेवली होती. शहाणपणा सांगणारा मी, आणि तिसरी प्रत मला पोरीने दाखवली! सगळं पुसायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

यालाही मर्यादा आहे, तीही ऐका. पुसलेली फाईल डिस्कवरून परत काढणारी सॉफ्टवेअर असतात. पण तुमच्यानंतर खुर्चीत बसणारे शंभरातले नव्व्याण्णव जण ते करत नाहीत. ते फक्त फोल्डर उघडतात. त्यांच्यापासून वाचा. उरलेल्या एकासाठी दुसरा उपाय आहे: आधार उतरवतानाच मास्क्ड आधारचा पर्याय निवडा. त्यावर नंबरातले शेवटचे चार आकडेच दिसतात. पूर्ण नंबर जिथे मागतीलच तिथे द्या, एरवी हे चालवून पाहा.

आता पोरांच्या लॉगिनकडे या, कारण जून-जुलैत खरी आग तिथे असते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीनंतरचा प्रवेश अर्ज. साध्या खिडकीत पासवर्ड टाकला की क्रोम विचारतो, तो जतन करू का. घाईत मूल हो म्हणतं. अर्ध्या तासाने दुसरं मूल त्याच पानावर येतं, नावाच्या चौकटीत क्लिक करतं आणि खाली आधीच्या पोरांच्या नावांची यादी उघडते. एक निवडलं की पासवर्ड आपोआप भरला जातो. तुमच्या लेकीने रात्र जागून लावलेला कॉलेजांचा पसंतीक्रम कुणी परक्याने, अगदी चुकूनसुद्धा, उघडावा का?

त्या प्रश्नावर Never दाबा. पोरांनाही ते शिकवा. दाबायचं राहिलं असेल तर उठण्याआधी त्याच चौकटीत पुन्हा क्लिक करून बघा. आपलं नाव दिसलं तर वरच्या पट्टीत

```
chrome://password-manager/passwords
```

टाइप करा, ती साइट शोधा आणि आपल्या नावाची नोंद पुसा. फक्त आपली. दुकानदाराचे स्वतःचे पासवर्डही त्याच यादीत असतात. ते उडवलेत तर उद्या त्याचं केंद्र ठप्प होईल. हिस्टरी पुसतानाही हेच भान ठेवा. साध्या खिडकीत काम केलं असेल तर Ctrl, Shift आणि Delete दाबा आणि गेल्या एका तासाचीच नोंद काढा.

दुकानदार रागावेल म्हणून लाजू नका. "दादा, माझी फाईल काढून टाकतो," एवढंच म्हणा. चांगला दुकानदार मान डोलावतो. नोंदवहीत तो तुमचं नाव लिहून घेईल, ते लिहू द्या. सायबर कॅफेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे ती वही त्याला वर्षभर ठेवावी लागते. तुम्ही उतरवलेली पीडीएफ Downloads मध्ये ठेवा, असं मात्र ते नियम सांगत नाहीत.

आणि दुकानदार दादांनो, ताईंनो, तुम्हीही ऐका. गावाचे कागद तुमच्या भरवशावर असतात. विंडोजच्या Settings मध्ये System, त्यात Storage, त्यात Storage Sense आहे. तिथे Downloads मधल्या न उघडलेल्या फाइली एका दिवसानंतर आपोआप पुसायची सोय आहे. ती मुळात बंद असते. आज चालू करा. आधी तुमच्या कामाच्या फाइली दुसरीकडे हलवा, नाहीतर त्याही जातील.

एक वाट राहिली, आणि आपल्याकडे तीच जास्त वापरात आहे. दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप करून प्रिंट काढणं. तिथे खुर्चीत तुम्ही बसतच नाही. पाठवलेला कागद दुकानाच्या चॅटमध्ये राहतो आणि प्रिंटसाठी उघडताना संगणकावरही उतरतो. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करा. दोन-अडीच दिवसांनी ती सोय मिळत नाही. पण चॅटमधून गेलं म्हणून फोल्डरमधून जात नाही. तेव्हा समोरच सांगा, "दादा, उतरवलेलीही काढा." आणि काढेपर्यंत थांबा.

कधीतरी दुकानाच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप किंवा जीमेल उघडलं होतं का? मग आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे फोन घेऊन बसा. आईचाही आणा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices उघडा. जीमेलसाठी myaccount.google.com/device-activity हे पान उघडा. जो संगणक तुमच्या घरातला नाही, त्यावर बोट ठेवा आणि त्याला लॉग आउट करा. मग जीमेलचा पासवर्ड बदला. आणि नावावर अनोळखी कर्ज निघालं, खात्यातून पैसे गेले, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी 1930 लावा.